जागा क्रमांक ७ : पार्किंगच्या वादात समितीचे संदेश कोणाच्या बाजूने बोलतात

चोवीस सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत स्टिल्टखाली चारचाकी गाड्यांसाठी १४ जागा आखलेल्या आहेत. त्यांपैकी जागा क्र. ७ वर सदनिका ३०२ च्या सभासद आणि सदनिका ५०१ चे सभासद अशा दोघांनी हक्क सांगितला, आणि दोघांनीही पुरावा म्हणून संस्थेच्या एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटातील समितीचे संदेश पुढे केले. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. पण संदेशांची भाषा, त्यांतल्या त्रुटी आणि दोन्ही पक्षांची वाचनाची पद्धत अशा वादांत नेहमी आढळते तशीच ठेवली आहे.

३०२ यांचे म्हणणे असे की, समितीने ७ क्रमांकाची जागा त्यांना कायमची दिली, त्यांनी शुल्क भरले आणि सर्वसाधारण सभेनेही त्याला मान्यता दिली. ५०१ यांचे म्हणणे असे की, ही जागा त्यांच्या सदनिकेच्या मूळ खरेदीदाराने बिल्डरकडून पैसे मोजून घेतली होती, ती सदनिकेबरोबर त्यांच्याकडे आली, समितीच्या अध्यक्षांनी हे मान्य केले आणि ३०२ यांना केलेले वाटप त्याच दिवशी थांबवले. ही दोन्ही विधाने संदेशांपुढे ठेवण्याआधी सुटी करून घेतली पाहिजेत, कारण प्रत्येकात एकाहून अधिक दावे गुंफलेले आहेत. ३०२ यांच्या म्हणण्यात ‘दिली’, ‘कायमची दिली’ आणि ‘सभेने मान्य केले’ हे तीन वेगळे दावे आहेत. त्यांतला पहिला खरा ठरला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही, आणि या प्रकरणात नेमकी तिथेच गल्लत झालेली दिसते. ५०१ यांच्याकडेही मालकी, अध्यक्षांची कबुली आणि वाटपाची स्थगिती अशा तीन गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या गेल्या आहेत.

कोणत्या स्वरूपात काय मिळाले

३०२ यांनी गटातील संवादाची निर्यात केलेली मजकुराची फाइल दिली, तर ५०१ यांनी पडद्याची छायाचित्रे म्हणजे स्क्रीनशॉट दिले. दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या असल्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचणे भाग होते. निर्यात केलेल्या फाइलमध्ये संदेश ओळीने, तारीख-वेळेसह येतात. मात्र कोणता संदेश कोणत्या संदेशाला उत्तर म्हणून लिहिला होता हे तिच्यात दिसत नाही, आणि संदेशावर उमटवलेल्या अंगठ्यासारख्या प्रतिक्रियाही येत नाहीत. शिवाय पाठवणाऱ्याचे नाव फाइल काढणाऱ्याच्या फोनमध्ये जसे जतन केलेले असेल तसे छापले जाते. ३०२ यांच्या फाइलमध्ये खजिनदारांचे नाव ‘सोसायटी ऑफिस’ असे येत होते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक वैयक्तिक शेरा कार्यालयाचा अधिकृत संदेश असल्यासारखा भासत होता. मूळ क्रमांकाशी ताडून पाहिल्यावरच तो भास गेला.

स्क्रीनशॉटमध्ये उत्तर कोणाला आहे हे दिसते आणि प्रतिक्रियाही दिसतात, पण चौकटीच्या वर आणि खाली काय होते हे छायाचित्र घेणाऱ्याच्या मर्जीवर राहते. ५०१ यांच्या पाच छायाचित्रांपैकी एकाच्या वरच्या कडेला अर्धवट कापलेली ओळ दिसत होती. फाइलमधून ती पूर्ण केली तेव्हा ते सचिवांच्या वाटपाच्या संदेशाचे शेवटचे वाक्य निघाले. ते मुद्दाम कापले असे मानण्याचे कारण नाही. तरीही, ज्या संदेशाला हरकत घेतली तो संदेशच छायाचित्रात नसला की हरकत ही घोषणा वाटू लागते, एवढे खरे.

४ जून २०२३ ची सकाळ

सगळा वाद ज्या चार संदेशांभोवती फिरतो ते अर्ध्या तासाच्या आत आलेले आहेत, म्हणून ते जसेच्या तसे द्यावे लागतात.

सकाळी १०.१२, सचिव : “नमस्कार. काल झालेल्या समितीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे स्टिल्टमधील जागा क्र. ७ सदनिका ३०२ यांना देण्यात येत आहे. स्टिकर ऑफिसमधून घ्यावा.”

१०.३१, सदनिका ५०१ : “सचिव साहेब, ७ नंबर आमचा आहे. बिल्डरची पावती आहे आमच्याकडे. अध्यक्षांना दाखवली आहे.”

१०.३३, सदनिका ३०२ : “धन्यवाद. मी आजपासून गाडी तिथे लावते.”

१०.४०, अध्यक्ष : “तुमची पावती पाहिली आहे. विषय सर्वसाधारण सभेत घेऊ. तोपर्यंत आहे तसेच राहू द्या, ही विनंती.”

सचिवांच्या संदेशातून दोन गोष्टी निश्चित होतात. वाटप सचिवांच्या मर्जीने झालेले नसून समितीच्या बैठकीतील निर्णय म्हणून कळवलेले आहे, आणि ते ३०२ यांना आहे. मुदतीबद्दल त्यात अक्षरही नाही. ३०२ यांनी या मौनाचा अर्थ ‘कायमची’ असा लावला. मुदत लिहिली नाही म्हणजे मुदत नाही, असे वाचणे मोहाचे असले तरी संदेश जिथे गप्प आहे तिथे तो कोणाचेही समर्थन करत नाही. मौन भरून काढायचे तर ते संस्थेच्या नियमांनी भरावे लागते. या संस्थेने महाराष्ट्रातील आदर्श उपविधी स्वीकारलेले आहेत, आणि त्यांच्यानुसार सभासदाला वाटपाने मिळालेली जागा विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, शिवाय जागांपेक्षा पात्र गाड्या जास्त असतील तेव्हा वार्षिक पद्धतीने चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे असते. अशा नियमांच्या चौकटीत मुदतीविना केलेले वाटप हे वापराची परवानगी म्हणून वाचणे अधिक सुसंगत ठरते. कायमस्वरूपी हक्काला या संदेशात आधार नाही.

अध्यक्षांचा संदेश अधिक अवघड आहे. तो कोणाला उद्देशून आहे हे फाइलमधून कळत नव्हते. वेळेच्या क्रमाने पाहिले तर तो ३०२ यांच्या ‘गाडी लावते’ या ओळीनंतर लगेच येतो, आणि म्हणून ३०२ यांना तो आपल्याला दिलेली संमती वाटली होती. स्क्रीनशॉटने हा प्रश्न सुटला. अध्यक्षांचा संदेश ५०१ यांच्या संदेशाला जोडून दिलेले उत्तर आहे, तेव्हा ‘तुमची पावती’ ही ५०१ यांची पावती आणि विनंतीही त्यांनाच केलेली. इथपर्यंत ५०१ यांचे वाचन बरोबर आहे. मात्र त्यांनी पुढे जो अर्थ काढला, की अध्यक्षांनी पावती मान्य केली, तो या वाक्यात नाही. पावती पाहिल्याचे सांगणे ही तिच्या अस्तित्वाची नोंद आहे. ती ग्राह्य असती तर विषय सभेत नेण्याचे कारणच उरले नसते, म्हणजे दुसरे वाक्य पहिल्याचा अर्थ ‘मान्य केले’ असा होऊ देत नाही. ५०१ यांच्या संदेशावर अध्यक्षांनी उमटवलेला अंगठाही तेवढ्याच वजनाचा समजावा. समितीची माणसे ‘वाचले’ म्हणून अंगठा देतात, ‘पटले’ म्हणून देतात आणि कित्येकदा नुसते संभाषण संपवण्यासाठीही देतात. त्यातून निर्णय वाचणे धोक्याचे आहे.

उरतो प्रश्न ‘आहे तसेच राहू द्या’ याचा. सव्वादहाच्या आधी जसे होते तसे, की सव्वादहाला वाटप झाल्यानंतर जसे झाले तसे? ५०१ पहिला अर्थ घेतात, ३०२ दुसरा, आणि केवळ वाक्याकडे पाहून यांतला कोणताही चुकीचा म्हणता येत नाही. अशा वेळी समितीने स्वतः आपल्या शब्दांचा अर्थ नंतर काय लावला हे पाहणे उपयोगी पडते. ९ जूनला सचिवांनी गटावर लिहिले, “३०२ ताई, स्टिकर तयार आहे, संध्याकाळी घेऊन जा.” १२ जूनला खजिनदारांनी ३०२ यांच्याकडून जूनचे पार्किंग शुल्क मिळाल्याची पावती टाकली. या दोन्ही संदेशांवर अध्यक्षांनी हरकत घेतली नाही, आणि ५०१ यांनीही घेतली नाही. त्यांचा पुढचा संदेश थेट एप्रिल २०२४ चा आहे. वाटप थांबलेले असते तर स्टिकर निघाला नसता. म्हणून वाटप स्थगित झाल्याचा ५०१ यांचा दावा नंतरच्या वर्तनाशी विसंगत ठरतो. हा निष्कर्ष मात्र थोडा हात राखून मांडावा लागतो, कारण स्टिकर देणारे सचिव आहेत आणि ‘राहू द्या’ म्हणणारे अध्यक्ष. त्या दोघांचे आपसांत एकमत होते की नाही हे संदेश सांगत नाहीत.

सभेचा संदेश आणि सभेचे इतिवृत्त

२४ सप्टेंबर २०२३ रोजी वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. त्या रात्री सचिवांचा संदेश आला : “आजच्या सभेत पार्किंगचा विषय झाला. दरवर्षी १ एप्रिलपासून चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याचे ठरले. सध्याचे वाटप ३१ मार्चपर्यंत राहील. सर्वांचे आभार.”

‘सभेने मान्यता दिली’ हा ३०२ यांचा तिसरा दावा या संदेशावर उभा आहे, आणि हाच संदेश त्यांच्या दुसऱ्या दाव्याचा निकाल लावतो. सध्याचे वाटप राहील म्हटले आहे, तेव्हा चालू वर्षापुरता त्यांचा वापर मान्य झाला हे खरे. पण त्याच वाक्यात ३१ मार्चची तारीख आहे. पहिल्या अर्ध्या वाक्याचा आधार घ्यायचा आणि दुसरे अर्धे सोडून द्यायचे, असे करता येत नाही. जूनच्या संदेशातील मौन इथे समितीच्याच शब्दांनी भरले गेले, आणि ते ३०२ यांच्या विरुद्ध.

५०१ यांना अपेक्षा होती की या सभेत त्यांच्या पावतीचा निर्णय व्हावा. अध्यक्षांनी जूनमध्ये ‘विषय सभेत घेऊ’ असे म्हटले होतेच. सचिवांच्या संदेशात पार्किंगचा विषय झाल्याचे लिहिले आहे, पावतीचे नाही. सभेचा संदेश हा सभेचा सारांश असतो आणि सारांशात बरेच काही गळते, म्हणून इतिवृत्त पाहणे आवश्यक होते. इतिवृत्तात वार्षिक सोडतीचा ठराव सूचक-अनुमोदकांसह नोंदलेला आहे आणि पुढील सभेत तो कायमही झाला आहे, जागा क्र. ७ किंवा ५०१ यांच्या पावतीचा उल्लेख त्यात नाही. यातून ५०१ यांची एक तक्रार रास्त ठरते : अध्यक्षांनी लेखी दिलेले आश्वासन पाळल्याची नोंद सापडत नाही. आश्वासन मोडले म्हणून ज्याबद्दल ते दिले होते तो हक्क मात्र सिद्ध होत नाही. चिडलेल्या माणसाला हा भेद मान्य होणे कठीण जाते, पण तो ठेवावाच लागतो.

पावतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण मालकीचा दावा संदेशांच्या बाहेरचा आहे आणि संदेशांनी तो कितीही गोड शब्दांत मान्य केला असता तरी टिकला नसता. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये असा निर्णय दिला की, महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याखाली बिल्डरला स्टिल्टमधील पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. ही इमारत रेरा कायदा येण्याच्या बरीच आधीची आहे, तेव्हा हाच निर्णय इथे लागू पडतो. मूळ खरेदीदाराने पैसे दिलेच नाहीत असा याचा अर्थ नव्हे. पावती खरीच असेल. पण बिल्डरकडे जे विकण्याचा हक्क नव्हता ते खरेदीदाराला मिळाले नाही आणि पुढे ५०१ यांच्याकडेही आले नाही. शिवाय समितीच्या यादीनुसार ५०१ यांना जागा क्र. ३ आधीच मिळालेली आहे, आणि आदर्श उपविधींत सर्वसाधारणपणे एका सभासदाला एकच जागा, दुसरी मिळालीच तर शिल्लक असेपर्यंत वर्षावर्षाने, अशी तरतूद आहे.

दोन संदेश, ज्यांच्यावर फार भिस्त ठेवली गेली

३०२ यांनी खजिनदारांचा एक खासगी संदेश दाखवला : “काळजी करू नका, ७ तुमचाच आहे.” फाइलमधले ‘सोसायटी ऑफिस’ हे नाव इथे पुन्हा आड येत होते. संदेश खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो समितीच्या एका सदस्याने एका सभासदाला, गटाबाहेर, कोणत्याही बैठकीचा हवाला न देता दिलेला दिलासा आहे. समिती बैठकीत आणि बहुमताने निर्णय घेते. सदस्याचा खासगी शब्द त्याच्या मनात काय होते हे सांगतो, समितीने काय ठरवले हे नाही. सभेच्या संदेशाशी तो विसंगत आहे आणि सभेच्या संदेशानंतर पाच दिवसांनी पाठवलेला आहे, ही बाब तर त्याचे वजन आणखी कमी करते.

५०१ यांची भिस्त याहून विचित्र गोष्टीवर होती : अध्यक्षांनी ५ जूनला पाठवून हटवलेला एक संदेश. गटात फक्त संदेश हटवल्याची खूण, पाठवणाऱ्याचे नाव आणि वेळ शिल्लक आहे. ५०१ म्हणतात की त्यात अध्यक्षांनी ‘जागा तुमचीच’ असे लिहिले होते आणि दबाव आल्यावर काढून टाकले. अध्यक्ष म्हणतात की तो चुकीच्या गटात गेलेला निरोप होता. मजकूर कोणाकडेच नाही. हटवलेल्या संदेशावरून काहीतरी हटवले गेले एवढेच कळते, आणि त्यामुळे हा संदेश कोणाच्याही बाजूने मोजलेला नाही. दोघांपैकी कोण खरे बोलत आहे याचा अंदाज बांधणे मोहक आहे. पण तो अंदाज माणसांच्या स्वभावाबद्दल असेल, संदेशांबद्दल नाही.

३१ मार्चनंतर

३० मार्च २०२४ रोजी सचिवांनी लिहिले : “काही सभासदांच्या विनंतीवरून चिठ्ठ्या पुढे ढकलण्यात येत आहेत. पुढील सूचनेपर्यंत सध्याची व्यवस्था चालू राहील.” एप्रिलमध्ये वाद पुन्हा पेटला तो यामुळेच. ३०२ म्हणतात की ही मुदतवाढ आहे आणि त्यांची गाडी ७ वर नियमाने उभी आहे. ५०१ म्हणतात की ३१ मार्चला ३०२ यांचा हक्क संपला, तेव्हा जागा आपल्याकडे परत आली.

५०१ यांच्या वाचनातला दोष लगेच दिसतो. ३०२ यांचा वापर संपला तरी जागा संस्थेकडे जाते. ती ५०१ यांच्याकडे ‘परत’ येण्यासाठी आधी त्यांची असायला हवी होती. ३०२ यांच्या बाजूने पाहता संदेश स्पष्ट आहे : सध्याची व्यवस्था चालू राहील, आणि सध्याच्या व्यवस्थेत ७ त्यांच्याकडे आहे. संदेशांपुरते बोलायचे तर एप्रिलमध्ये गाडी उभी करण्याला समितीचा लेखी आधार होता. अडचण त्या आधाराच्या खाली आहे. दरवर्षी १ एप्रिलपासून चिठ्ठीने वाटप करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेचा आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ प्रमाणे संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. इतिवृत्तातील ठरावात समितीला तारीख पुढे ढकलण्याची मुभा दिलेली नाही. ‘काही सभासद’ कोण, विनंती कधी केली, समितीची बैठक झाली का, यांतले काहीही संदेशात नाही, आणि जूनच्या संदेशात जसा बैठकीचा हवाला होता तसा हवाला इथे नाही हेही नजरेतून सुटू नये. म्हणून निष्कर्ष असा लिहावा लागला : एप्रिलनंतरच्या वापराला समितीच्या संदेशाचा आधार आहे, पण त्या संदेशाला सभेच्या ठरावाचा आधार दिसत नाही.

दोन्ही पक्षांना लेखी कळवताना ३०२ यांच्याबाबत ‘वाटप झाले’ हा दावा समर्थित, ‘सभेची मान्यता’ ३१ मार्च २०२४ पर्यंतच समर्थित आणि ‘कायमचे’ हा दावा समितीच्याच संदेशाने खोडलेला, असे नमूद केले. ५०१ यांच्याबाबत हरकत त्याच दिवशी नोंदवली गेली आणि ती सभेत नेण्याचे आश्वासन मिळाले एवढे समर्थित; अध्यक्षांची कबुली असमर्थित, स्थगिती नंतरच्या वर्तनाशी विसंगत, आणि मालकी संदेशांनी ठरण्याजोगी बाबच नाही. त्यांना हे मान्य नसेल तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा मार्ग त्यांच्यासाठी खुला आहे, आणि तिथे स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोन आणि इतिवृत्ताची प्रमाणित प्रत जास्त उपयोगी पडेल.

फाइल शेवटपर्यंत वाचताना १४ एप्रिल २०२४ चा एक संदेश लागतो. या वादात नसलेल्या सदनिका १०४ च्या सभासदांनी लिहिले आहे : “साहेब, चिठ्ठ्या कधी टाकणार? आमचा अर्ज फेब्रुवारीत दिला आहे.” त्याच्या खाली कोणाचेही उत्तर नाही, पुढचा संदेश पाण्याच्या टाकीच्या सफाईचा आहे. १०४ यांनी जागा क्र. ७ मागितलेली नाही, कोणाच्या गाडीबद्दल तक्रार केलेली नाही, फक्त ठरल्याप्रमाणे सोडत व्हावी असे सुचवले आहे. या एका म्हणण्याला मात्र सचिवांचा २४ सप्टेंबरचा संदेश, कायम झालेले इतिवृत्त आणि उपविधी या तिन्हींचा सरळ आधार मिळतो, आणि त्याच्या विरुद्ध जाणारा एकमेव कागद म्हणजे ३० मार्चचा तो बैठकीचा हवाला नसलेला संदेश. ७ क्रमांकावरचा वाद मिटवण्यासाठी समितीला जे करावे लागेल ते नेमके १०४ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून अहवालाची एक प्रत त्यांनाही पाठवली.